फोटोतला ६३ टक्क्यांचा आकडा पुढं पाठवण्याआधी

मे संपत आला की गावोगावच्या मोबाइलवर एक विशिष्ट फोटो फिरायला लागतो. वहीच्या पानावर पेनानं आखलेला तक्ता, त्यात सोयाबीनच्या उगवण चाचणीचे आकडे आणि फोटोखाली कुणीतरी टाकलेलं वाक्य: 'पिशवीवर ७० टक्के, उगवण ६३ टक्केच. बियाणं बोगस. सर्वांना पाठवा.' पाठवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडा-विदर्भातून तक्रारींचा लोंढा आला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. ते वर्ष ज्यानं पाहिलंय, तो असा फोटो पाहून गप्प बसणार नाही.

पण त्या एका आकड्यावरून बियाणं खोटं ठरतं का? कधी ठरतं, कधी नाही. कुठल्या वेळी काय, हे ठरवण्याची रीत अवघड नाही. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि पाव तास एवढ्यावर भागतं. ती रीत इथं एक तक्ता घेऊन सविस्तर सांगतो. तक्त्यातले आकडे मी उदाहरणासाठी रचलेले आहेत. ते कुठल्या कंपनीचे वा गावाचे नाहीत.

समजा, तुमच्याकडे आलेल्या फोटोत हे दिसतंय. एका पिशवीतले ४०० दाणे, शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या ओल्या गोणपाटात ठेवल्या आणि आठव्या दिवशी उलगडून मोजल्या.

| गुंडाळी | चांगली रोपं | विकृत रोपं | मेलेले दाणे |
|---|---|---|---|
| १ | ६६ | ११ | २३ |
| २ | ५९ | १४ | २७ |
| ३ | ६४ | १२ | २४ |
| ४ | ६३ | १३ | २४ |

छापलेला तक्ता असा स्वच्छ दिसतो. फोटो असा नसतो. पानाचा कोपरा दुमडलेला, वरून बोटांची सावली, शेवटची ओळ अर्धी कापलेली. हातानं लिहिलेला ९ आणि १ यांत तर नेहमी घोळ होतो. दुसऱ्या ओळीतला ५९ कुणाला ५१ वाटेल. मग काय करायचं? अंदाज करू नका, ओळीची बेरीज करा. प्रत्येक गुंडाळीत शंभरच दाणे ठेवले होते, म्हणजे तिन्ही रकान्यांची बेरीज शंभर यायलाच हवी. ५१, १४ आणि २७ मिळून ९२ होतात. आठ दाणे कुठं गेले? ५९ घेतले की शंभर भरतात. म्हणजे आकडा ५९ आहे. ज्या फोटोत एकच रकाना दिसतो आणि बाकीचे कापलेले असतात, तिथं ही पडताळणी करताच येत नाही. अशा वेळी मूळ पानाचा पूर्ण फोटो मागा. तो मिळाला नाही तर पुढचं गणित करण्यात अर्थ नाही, कारण आकडाच खात्रीचा नाही.

पहिल्या रकान्याची बेरीज २५२ येते. ४०० पैकी २५२ म्हणजे ६३ टक्के. फोटोखालच्या वाक्यातला आकडा हाच.

आता दुसऱ्या रकान्याकडे लक्ष द्या, कारण बहुतेक भांडणं तिथंच सुरू होतात. विकृत रोप म्हणजे ज्याला कोंब फुटलाय पण मूळ तुटकं आहे, खोड चिरलंय किंवा शेंडाच नाही. असं रोप शेतात उभं राहत नाही. प्रयोगशाळेत उगवणशक्तीचा टक्का काढताना फक्त चांगली रोपं धरतात, विकृत रोपं धरत नाहीत. सोयाबीनमध्ये हा रकाना मोठा निघू शकतो, कारण दाण्याचं टरफल पातळ असतं आणि गर्भ टरफलाच्या अगदी लगत बसलेला असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती उंचावरून आदळली की दाणा बाहेरून धड दिसतो आणि आतून दुखावलेला असतो. आमच्या तक्त्यात विकृत रोपं ५० आहेत. ती चांगल्या रोपांत मिसळली की बेरीज ३०२ होते, म्हणजे साडेपंच्याहत्तर टक्के. म्हणजे त्याच पानावरून एक माणूस '६३ टक्के, बोगस' म्हणेल आणि दुकानदार '७५ टक्के, उत्तम' म्हणेल, आणि दोघांचीही बेरीज बरोबर असेल. म्हणून टक्का ऐकला की पहिला प्रश्न हा विचारा: कुठला रकाना मोजला?

रकाना ठरला, आकडे वाचले. आता दावा नीट मांडू. पिशवीच्या खुणचिठ्ठीवर उगवणशक्ती किमान ७० टक्के लिहिलेली असते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला ही मर्यादा सरकारी मानकांनीच घातलेली आहे. तपासायचा दावा तोच. संख्याशास्त्रात तो दोन वाक्यांत लिहितात आणि ती वाक्यं गणित करण्याआधी कागदावर उतरवायची असतात.

पहिलं वाक्य, शून्य परिकल्पना: या पिशवीतल्या बियाण्याची खरी उगवण ७० टक्के किंवा त्याहून जास्त आहे.

दुसरं, पर्यायी परिकल्पना: खरी उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी आहे.

'खरी उगवण' म्हणजे पिशवीतला प्रत्येक दाणा याच रीतीनं तपासला असता तर जो टक्का आला असता तो. तो आपल्याला कधीच दिसणार नाही, कारण सगळे दाणे गोणपाटात घातले तर पेरायचं काय? आपल्याला दिसतो तो नमुन्याचा टक्का, ६३. नमुन्यातल्या आकड्यावरून न दिसणाऱ्या आकड्याबद्दल काय म्हणता येईल, एवढाच सगळा खेळ आहे.

शून्य परिकल्पनेत खुणचिठ्ठीची बाजू का घेतली, असं शेतकरी विचारतात आणि रागानं विचारतात. शंका आमची, मग पहिलं माप त्यांच्या पदरात का? कारण आरोप आपण करतोय. आरोप करणाऱ्यानं पुरावा द्यायचा, हा नियम इथंही लागू आहे. आधी क्षणभर धरून चालायचं की चिठ्ठी खरी आहे, आणि मग पाहायचं की चिठ्ठी खरी असताना असा तक्ता निघणं कितपत शक्य होतं. फारच अशक्य निघालं तर चिठ्ठीवरचा विश्वास सोडायचा. शिवाय आपली शंका एकाच बाजूची आहे. उगवण ८५ टक्के निघाली म्हणून कुणी तक्रार करत नाही. म्हणून पर्यायी परिकल्पनेत फक्त 'कमी' लिहिलं, 'वेगळी' असं लिहिलं नाही.

'फारच अशक्य' म्हणजे किती, हेही आधीच ठरवायचं. प्रघात पाच टक्क्यांचा आहे. त्याला सार्थकता पातळी म्हणतात. तिचा अर्थ असा: ज्या पिशव्यांची उगवण बरोबर ७० टक्के आहे, अशा शंभर पिशव्या तपासल्या तर त्यातल्या साधारण पाचांवर आपण नाहक ठपका ठेवू, आणि ही जोखीम आपण पत्करलेली आहे. आकडे पाहून झाल्यावर ही पातळी बदलायची नाही. निकाल आवडला नाही म्हणून पाचाचे दहा करणं म्हणजे डाव हरत आल्यावर मैदानाच्या रेषा सरकवण्यासारखं आहे.

आता कसोटीचा आकडा. पुस्तकांत त्याला झेड म्हणतात. त्याचं काम एवढंच की नमुन्याचा टक्का दाव्यापासून किती दूर गेला, हे नशिबाच्या चढउताराच्या मापात सांगायचं. कारण चढउतार असतोच. खरी उगवण ७० असलेल्या पिशवीतून कुणी शंभर दाणे काढले तर त्याला कधी ७४ मिळतील, कधी ६६. दाणा डोळे झाकून उचललेला असतो. हा चढउतार साधारण केवढा असतो, ते काढायचं सूत्र लहान आहे: ०.७० ला ०.३० नं गुणा, दाण्यांच्या संख्येनं भागा, आणि वर्गमूळ घ्या. ४०० दाण्यांसाठी:

√(०.७० × ०.३० ÷ ४००) = ०.०२२९

म्हणजे सुमारे २.३ टक्के. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. इथं काही जण ०.७० ऐवजी नमुन्यातला ०.६३ घालतात. ते चूक आहे, कारण आपण 'चिठ्ठी खरी आहे' असं धरून चढउतार मोजतोय, आणि चिठ्ठीवर ७० आहे.

आता फरक काढा आणि त्रुटीनं भागा:

झेड = (०.६३ − ०.७०) ÷ ०.०२२९ = −३.०६

उणे चिन्ह सांगतं की नमुना दाव्याच्या खाली आहे. तीनचा आकडा सांगतो की तो नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट खाली आहे. पाच टक्के पातळीवर, एका बाजूच्या कसोटीत, हद्द −१.६४५ ला आहे. आपला आकडा तिच्या बराच पलीकडे गेला. खरी उगवण ७० टक्के असती तर ४०० दाण्यांत २५२ किंवा त्याहून कमी चांगली रोपं निघण्याची शक्यता हजारात एखाददुसरी आहे.

निष्कर्ष लिहायचा तो असा: 'पाच टक्के सार्थकता पातळीवर शून्य परिकल्पना नाकारली. या पिशवीतल्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के आहे, हा दावा या नमुन्यापुढे टिकत नाही.' वाक्य कोरडं आहे आणि तसंच असू द्या. त्यात 'बोगस' शब्द नाही, कारण ४०० दाणे फसवणुकीबद्दल काहीच सांगत नाहीत. फक्त उगवण कमी आहे, एवढं सांगतात. त्यात 'कंपनीचं बियाणं' असंही नाही. तपासलं आपण एका पिशवीतलं. तीच पिशवी दुकानात पत्र्याखाली उन्हात पडून राहिली असेल, किंवा चाचणीच्या तारखेनंतर बराच काळ लोटला असेल. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने धरतात, म्हणून खुणचिठ्ठीवरची तारीखही वाचा. त्याच लॉटच्या वेगळ्या दुकानांतल्या पिशव्याही कमी निघाल्या तर लॉटबद्दल बोलता येईल. एका पिशवीवरून येणार नाही.

आता याच कहाणीची दुसरी बाजू पाहू, कारण बहुतेक फोटोंमध्ये चारशे दाणे नसतातच. शंभर असतात. एकच गुंडाळी, ६३ रोपं, ६३ टक्के. फोटोखालचं वाक्य तंतोतंत तेच. गणित मात्र बदलतं. शंभर दाण्यांसाठी प्रमाण त्रुटी ०.०४५८ येते, म्हणजे आधीच्या दुप्पट. फरक तोच, सात टक्के.

झेड = (०.६३ − ०.७०) ÷ ०.०४५८ = −१.५३

हद्द −१.६४५ ची होती. आकडा तिच्या अलीकडेच थांबला. खरी उगवण ७० असलेल्या पिशवीतून शंभर दाणे काढले तर ६३ किंवा कमी निघण्याची पाळी शंभरात सात-आठ वेळा येते. आपण ठरवलेल्या पाच टक्क्यांच्या मापात हा पुरावा बसत नाही. म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

एकच टक्का, दोन निकाल. चार पट दाणे घेतले की चढउतार निम्मा होतो, चौथाई होत नाही. हे वर्गमूळ लोकांच्या डोक्यात बसत नाही आणि त्यामुळे टक्क्याकडे बघून दाण्यांची संख्या विसरली जाते. बीज परीक्षण प्रयोगशाळा एका नमुन्याचे शंभरच्या चार तुकड्यांत ४०० दाणे लावतात, त्यामागचं हे एक कारण. ढोबळ लक्षात ठेवायचं तर असं: ७० टक्क्यांचा दावा नाकारायला शंभर दाण्यांत ६१ किंवा त्याहून कमी चांगली रोपं निघायला हवीत. ६२ अगदी काठावर आहे. ४०० दाण्यांत मात्र २६४ किंवा कमी, म्हणजे ६६ टक्केच पुरेसे होतात. ज्या फोटोत फक्त टक्का आहे आणि किती दाणे लावले ते नाही, त्यावर कुठलंही मत देऊ नका. भलं नको, बुरंही नको.

इथं दुकानदार मंडळींनाही दोन शब्द. 'शून्य परिकल्पना नाकारता आली नाही' याचा अर्थ 'बियाणं चांगलं आहे हे सिद्ध झालं' असा होत नाही. शंभरात ६३ निघाले तेव्हा खरी उगवण साधारण ५४ ते ७२ टक्क्यांच्या मधे कुठंही असू शकते. ती ७० असू शकते, ५८ही असू शकते. नमुना लहान होता, म्हणून त्याला सांगता आलं नाही, एवढंच. अशा वेळी शहाणपण एकच: आणखी तीनशे दाणे लावा. मात्र 'निकाल हवा तसा येईपर्यंत लावत राहू' असं करू नका. एकूण चारशे लावायचे, हे आधी ठरवा आणि चारशेवर थांबा.

तक्ता पाहताना चार ओळींतला फरकही बघावा लागतो, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण झेड काढणारे बहुतेक जण इकडे फिरकतच नाहीत. आपल्या चार गुंडाळ्यांत सगळ्यात कमी ५९, सगळ्यात जास्त ६६. अंतर सातचं. एकाच पिशवीतले दाणे आणि एकसारखी काळजी असेल तर शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्यांत दहाच्या आसपास अंतर पडणं स्वाभाविक आहे. सात चालतं, बाराही चालतं. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या तक्त्यात सरासरी ६३ असेल तर चार तुकड्यांत कमाल १९ चं अंतर मान्य आहे. त्यापलीकडे गेलं तर चाचणीच पुन्हा करायची.

आता असा फोटो कल्पा: ८२, ३८, ७० आणि ६२. बेरीज पुन्हा २५२, टक्का पुन्हा ६३, झेड पुन्हा −३.०६. पण ८२ आणि ३८ मधे ४४ चं अंतर आहे. नशिबाच्या चढउतारानं एवढं अंतर पडत नाही. एक गुंडाळी दुपारी वाळली असेल, किंवा पाणी जास्त झाल्यानं दाणे कुजले असतील, किंवा एका गुंडाळीत पिशवीच्या तळाचा चुरा आला असेल. अशा तक्त्यावर झेड काढलात तर उत्तर येईल, पण ते उत्तर बियाण्याचं नसेल, गोणपाटाचं असेल. सूत्र हे गृहीत धरतं की प्रत्येक दाण्याला सारखीच संधी मिळाली. ती मिळाली नाही हे तक्ताच सांगत असताना सूत्राकडे जायचं नाही.

याच्या उलट फोटोही येतो: ६३, ६३, ६३, ६३. दिसायला छान, पण मला त्याचा संशय येतो. खरोखर मोजलेल्या चार गुंडाळ्या नेमक्या एकाच आकड्यावर येणं हजारात एकदाही घडत नाही. एवढा सारखेपणा दिसला की समजावं, आकडे गोणपाटावर मोजलेले नसून टेबलावर लिहिलेले असण्याची शक्यता जास्त. कंपनीच्या बाजूनं आलेल्या पत्रकाला आणि तक्रारदाराच्या पानाला हा निकष सारखाच लावा.

आणखी एक खोच आहे, आणि ती फोटोत कधीच दिसत नाही. तुमच्यापर्यंत आलेला फोटो कितीतरी फोटोंमधून निवडून आलेला असतो. पाच टक्क्यांची जोखीम आपण पत्करली होती, ते आठवा. ७० टक्क्यांवर नेमकं बसणारं बियाणं वीस घरांत तपासलं गेलं, तर त्यातल्या एखाद्या घरी ते निव्वळ योगायोगानं नापास होईल. उरलेले एकोणीस जण वही मिटून पेरणीच्या तयारीला लागतील. 'माझं बियाणं ७२ टक्के उगवलं' असा फोटो कुणी टाकत नाही. नापास झालेला एकटा फोटो टाकतो, आणि तोच तालुकाभर फिरतो. म्हणून गटात असा फोटो आला की विचारा: याच लॉटची चाचणी आणखी कुणी केली का, आणि त्यांना काय मिळालं? चांगले निघालेले आकडेही मागवा. आपल्या तक्त्यात −३.०६ आला होता. तो वीस घरांतल्या योगायोगानं सहज समजावता येत नाही, कारण त्याची शक्यता हजारात एखादी आहे. पण −१.७ वर उभा असलेला 'नापास' शिक्का अशा निवडीत सहज तयार होतो.

म्हणून माझी विनंती अशी की स्वतः चाचणी करा, आणि तिचं पान असं बनवा की परक्या माणसालाही ते तपासता यावं. पिशवीचा वरचा, मधला आणि तळाचा भाग, तिन्हीकडून मूठ-मूठ बियाणं काढा. ते एकत्र मिसळा आणि त्यातून दाणे न निवडता मोजून घ्या. टपोरे दाणे वेचून लावले की उगवण खोटी चढते. फुटके-बारीक दाणे शोधून लावले की खोटी उतरते. गोणपाट भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. गोणपाटातून पाणी निथळत राहता कामा नये. सोयाबीनची अखेरची मोजणी आठव्या दिवशी. तिन्ही रकाने भरा, प्रत्येक ओळीची बेरीज लिहा, तळाशी एकूण दाणे लिहा. आणि फोटो काढताना मोबाइल पानाच्या बरोबर वर धरा, चारही कडा दिसू द्या, शेजारी खुणचिठ्ठी ठेवा म्हणजे लॉट क्रमांक आणि चाचणीची तारीख त्याच फोटोत येईल.

समजा तुमच्याच चाचणीत उगवण ६३ निघाली आणि बियाणं घरचं आहे. मग तक्रार कुणाकडे करणार? अशा वेळी हिशेब बियाण्याच्या मात्रेचा करायचा. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो धरतात. ३० ला ७० नं गुणून ६३ नं भागलं की एकरी सव्वातेहेतीस-साडेतेहेतीस किलो येतं. दुसऱ्या बियाण्याचा शोध न घेता एवढ्यावर काम भागतं. उगवण पन्नाशीच्या आसपास गेली असेल तर मात्र मात्रा वाढवण्यापेक्षा बियाणं बदललेलं बरं, कारण जे दाणे उगवले त्यांचीही जोमाची खात्री राहत नाही.

विकत घेतलेलं बियाणं नापास झालं असेल तर लक्षात घ्या की तुमचा तक्ता आणि झेड तुमच्या निर्णयासाठी आहेत. कायद्यापुढे तो पुरावा म्हणून उभा राहत नाही. त्यासाठी बियाणे निरीक्षकानं रीतसर नमुना काढून सरकारी प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. राज्यात अशा प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूरला आहेत. पण पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे 'बियाणं बोगस वाटतं' अशी तोंडी तक्रार घेऊन जाणं आणि '४०० दाण्यांत २५२, चार गुंडाळ्यांचे आकडे हे, लॉट क्रमांक हा' असं पान घेऊन जाणं, यात फरक पडतो. पक्कं बिल, रिकामी पिशवी आणि तिची खुणचिठ्ठी जपून ठेवा, आणि थोडं बियाणं न पेरता त्याच पिशवीत बांधून ठेवा.

पेरणी आधीच झाली असेल आणि उगवण विरळ दिसत असेल तर एवढंही लक्षात ठेवा की शेतातली मोजणी ही वेगळी चाचणी आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरलं, दाणा चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेला, वर पापडी धरली, तर ८० टक्के उगवणीचं बियाणंही तिथं पन्नास दाखवेल. खुणचिठ्ठीवरचा ७० चा आकडा गोणपाटातल्या वा प्रयोगशाळेतल्या उगवणीचा आहे, त्यामुळे शेतातल्या मोजणीवर झेड लावून त्या आकड्याची कसोटी घेता येत नाही. तिथं तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत शेत मोडून दुबार पेरणी करू नका. थांबणं शक्यच नसेल तर निदान काही तासं तशीच राखून ठेवा, म्हणजे समिती येईल तेव्हा मोजायला काही उरेल.